गोळ्या उरल्यात, ठेवू का? वाचकांचे प्रश्न, मिरजेच्या डॉक्टरांची उत्तरं

“लघवीला जळजळ होती म्हणून डॉक्टरांनी पाच दिवस नायट्रोफ्युरँटॉइन दिलं. दुसऱ्या दिवशीच बरं वाटलं. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेला ठेवू का?” (एक ताई, विटा)

नको ताई, पाचही दिवस घ्या. जळजळ थांबते ती जंतू कमी झाले आणि सूज उतरली म्हणून, पण काही जंतू अजून आत असतात आणि औषध मधेच थांबलं की तेच परत वाढतात. ही गोळी जेवणानंतरच घ्या, रिकाम्या पोटी मळमळतं आणि मग बरेच जण तिथेच कोर्स सोडतात. आणि उलट बाजूही सांगतो, स्वतःच्या मनाने दोन दिवस जास्तही घ्यायची नाही. सुटं ठेवलेलं पाकीट तर नकोच, कारण ते पुढच्या वेळी ताप, सर्दी, दाढदुखी कशालाही बाहेर निघतं.

“सासूबाईंच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये नुसते ‘आर’ आलेत. शरीराला गोळ्यांची सवय झाली म्हणायची का?” (वाचक, तासगाव)

शरीराला नाही, जंतूला. तुम्ही रिपोर्टसोबत जी हकीकत लिहिलीय ती वाचूनच अंदाज आला होता. जळजळ झाली की घरातली उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिन, सकाळी एक संध्याकाळी एक, दीड-दोन दिवस, आराम पडला की बंद, महिन्या-दीड महिन्याने परत तेच, आणि या वेळी थंडी वाजून ताप आणि पाठीत कमरेच्या वर ठणका.

लघवीचं इन्फेक्शन करणारा ई. कोलाय हा आपल्याच आतड्यातून तिथे जातो. अँटिबायोटिक गिळलं की ते आतड्यातल्या जंतूंवरही पडतं. उसात एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की जे तण त्याला दाद देत नाही तेच मोकळ्या जागेत माजतं, तसंच पोटात होतं. पुढचं इन्फेक्शन मग त्याच निवडून उरलेल्या जंतूंचं असतं. असे जंतू घरातल्या दुसऱ्या माणसाच्या पोटातही जाऊ शकतात, संडासनंतर हात नीट धुतले नाहीत की पुरे. म्हणून ज्याने कधी गोळी चुकवली नाही त्याच्याही रिपोर्टात ‘आर’ येऊ शकतो.

आता रिपोर्ट. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे पडणार नाही. तुमच्याकडे सिप्रो आणि सेफिक्झिम दोन्ही आर आहे, खाली ईएसबीएल लिहिलंय. म्हणजे हा जंतू एक एन्झाइम बनवतो, जे सेफिक्झिमच्या जातीची औषधं मोडून टाकतं. नायट्रोफ्युरँटॉइन एस आहे, पण हुरळून जाऊ नका! ते औषध लघवीत साठतं, किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही, आणि ताप-पाठदुखी म्हणजे इन्फेक्शन किडनीपर्यंत गेल्याची शंका येते. त्यामुळे नुसती एस बघून गोळी आणू नका, आजच डॉक्टरांना भेटा, बहुधा शिरेतून इंजेक्शनं लागतील. जंतू औषधाला दाद देत नाही, त्यालाच रेझिस्टन्स म्हणतात, आणि घरच्यांना त्याचा फटका बसतो तो इथे. जे चार गोळ्यांत भागलं असतं त्याला ॲडमिट, सलाईन आणि माणूस सोबत ठेवणं लागतं.

पुढच्या वेळी एक करा, पहिली गोळी तोंडात टाकायच्या आधी सॅम्पल द्या. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी लॅबच्या निर्जंतुक बाटलीत घ्या आणि तासाभरात पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर बाटलीतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट फसवा येतो. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतात आणि मग गरज पडली तर बदलतात. तसं झालं तर जुनं औषध अर्धवट राहिलं म्हणून घाबरायचं नाही.

“मेडिकलवाला सर्दीला अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या देतो. तीनच दिवसांचा कोर्स, पूर्णही होतो. मग काय हरकत?” (एक वाचक, कराड)

कोर्स पूर्ण झाला हो, पण कशाचा? साधी सर्दी व्हायरसची असते, तिथे अझी काहीच करत नाही. ती तीन-पाच दिवसांतच का देतात, तर शरीरात रेंगाळते, शेवटच्या गोळीनंतरही कित्येक दिवस. म्हणजे फायदा शून्य आणि पोटातल्या जंतूंना तितके दिवस औषधाचा सराव. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि आपणही मागायचं नाही.

“म्हशीला कासदाह झालाय, सडात ट्यूब सोडलीय. दूध उकळून घरात वापरलं तर चालेल ना?” (शेतकरी, पलूस)

नाही चालणार दादा. उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश बहुतेक तसाच राहतो. ट्यूबच्या खोक्यावर शेवटच्या डोसनंतर किती तास दूध वापरायचं नाही ते छापलेलं असतं. ते दिसत नसेल तर पशुवैद्यकांना विचारा, आणि तोवरचं दूध ना घरात ना डेअरीत, वासरालाही पाजू नका.