‘वादळाने केळी पडली’ : कर्ता नक्की कोण?

प्रश्न : “क्रिया करतो तो कर्ता असं शाळेत शिकलो. मग ‘वादळाने केळी पडली’ ह्यात केळी बिचारी काय करते? तिला कर्ता का म्हणायचं, वादळाला का नाही?”

शाळेतली ती व्याख्या इथे दगा देते, कारण तिने दोन वेगळे हिशोब एकाच खात्यात टाकलेत. एक हिशोब व्याकरणाचा, म्हणजे ‘पडणे’सारख्या कर्म नसलेल्या वाक्यात क्रियापद कोणावरून बदलतं. ‘केळी पडली, खांब पडला’, म्हणजे इथे कर्ता केळीच. दुसरा हिशोब अर्थाचा, कोणी केलं, कोणावर बेतलं, कशाने केलं. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोरने १९६८ मध्ये ह्या भूमिका कर्त्यापासून वेगळ्या काढून मांडल्या. त्या हिशोबात केळी सोसणारी आहे, करणारी नाही. म्हणजे ती एकाच वाक्यात कर्ताही आहे आणि मार खाणारीही, आणि त्यात काही गडबड नाही.

मराठीत खरा घोळ घालतो तो ‘ने’. करणाऱ्यालाही ‘ने’ आणि साधनालाही ‘ने’. ‘शेजाऱ्याने विळ्याने केळी कापली’ घ्या, दोन ‘ने’ शेजारीशेजारी बसलेत आणि क्रियापद तर दोघांनाही विचारत नाही, ते केळीबरोबर, म्हणजे कर्माबरोबर गेलंय, कर्ता मात्र शेजारीच. आता हेच वाक्य वर्तमानकाळात टाका : ‘शेजारी विळ्याने केळी कापतो’. एक ‘ने’ गळला, एक राहिला. गळला तो करणाऱ्याचा, राहिला तो साधनाचा. (फक्त ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ला भूतकाळातही ‘ने’ लागत नाही, ‘मी केळी कापली’, त्यामुळे तिथे गळायला काही नसतंच.)

हीच युक्ती वादळावर लावून बघा, मजा येते. ‘वादळाने केळी पाडली’चं होतं ‘वादळ केळी पाडतं’. ‘ने’ गेला, वादळ करणाऱ्याच्या जागी बसलं. पण ‘वादळाने केळी पडली’चं होतं ‘वादळाने केळी पडते’, ‘ने’ हलत नाही, वादळ नुसतं कारण म्हणून बाजूला उभं. वादळ तेच, बाग तीच, फरक फक्त ‘पड’ आणि ‘पाड’चा. आमच्या रावेरकडे मे-जूनच्या वाऱ्यानंतर बांधावर उभं राहून माणसं ‘वादळाने केळी पडली’ असंच म्हणतात, ‘पाडली’ म्हटलं की कोणी तरी येऊन झोपवून गेलं असं वाटतं, आणि मग पुढचा प्रश्न येतो, कोणी रे?

आता ‘वादळ केळी पाडतं’ ह्यात तरी वादळ पक्कं करणारं झालं का? माझ्या मते अर्धवट. वाक्यात ‘मुद्दाम’ घालून बघा. ‘शेजाऱ्याने मुद्दाम केळी पाडली’ चालतं, त्यावर भांडणही होतं. ‘वादळाने मुद्दाम केळी पाडली’ म्हटलं तर ऐकणारा हसतो. वादळात जोर आहे, हेतू नाही, म्हणून भाषाशास्त्रवाले त्याला करणाऱ्यापासून वेगळं काढतात. आणि ते विळ्यासारखं साधनही नाही, कारण विळा कोणाच्या तरी हातात असावा लागतो, वादळ कोणाच्याच हातात नसतं.