लोखंडी कढईत टोमॅटोची भाजी केली तर अंगात लोह खरंच वाढतं का?

हो, भाजीत लोह नक्की उतरतं, पण ते सगळं अंगी लागत नाही. अमेरिकेतल्या १९८६ च्या एका अभ्यासात टोमॅटो सॉसमधलं लोह लोखंडी भांड्यात शिजवल्यावर १०० ग्रॅममागे ०.६ वरून ५.७ मिलिग्रॅमवर गेलं. आंबट रस लोखंड विरघळवतो, म्हणून चिंचेची आमटी जितकी रटरटेल तितकं जास्त. तेलाने मुरलेली काळी कढई मात्र नव्या कढईपेक्षा कमी लोह सोडते. त्यातलं शरीर थोडंच शोषतं. जेवणावर लगेच चहा घेतलात तर आणखी कमी. शिजलं की दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर भाजी काळी पडते नि धातूची चव लागते. हिमोग्लोबिन कमी आलं असेल तर मात्र कढईवर विसंबू नका, डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या.