परफ्युमच्या रिकाम्या बाटल्यांतला वास कसा घालवायचा आणि त्यांचा डिफ्युझर कसा करायचा

प्रश्न: परफ्युमच्या बऱ्याच रिकाम्या बाटल्या जमल्या आहेत. गरम पाण्याने कितीदा धुतल्या तरी जुना वास जात नाही आणि तोंडावरची पत्र्याची पट्टी निघत नाही. यात पुन्हा अत्तर भरता येईल का, की काड्या घालून बैठकीत ठेवता येतील? आमच्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाचं घर आहे.

उत्तर:

वास काचेत मुरलेला नाही. काच सुगंध शोषत नाही. तो दोन ठिकाणी अडकतो: आतून चिकटलेल्या तेलाच्या पातळ थरात, आणि पंपाच्या प्लास्टिकमध्ये, म्हणजे खाली लोंबणारी नळी आणि तोंडाशी दाबून बसवलेलं वायसर. परफ्युममधलं अल्कोहोल उडून जातं, पण कस्तुरी, ऊद यांसारख्या वासांची जड द्रव्यं मागे राहतात आणि ती पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून आधी पंप काढायचा, मग अल्कोहोलने धुवायचं. उकळतं पाणी तर ओतूच नका. या बाटल्यांचा तळ जाड आणि बाजू पातळ असतात, काच एकसारखी तापत नाही आणि तडकते.

पंप काढण्याआधी उरलंसुरलं परफ्युम अंगणात फवारून संपवा, चूल आणि बिडी-माचिस लांब ठेवून. रिकामी दिसणाऱ्या बाटलीतही पेटणारी वाफ असते. मग दाबायचं बटण वर ओढून काढा, त्याखालची शोभेची कडी काढा. आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दिसेल. तिची खालची कड काचेच्या गळ्यातल्या खाचेत दुमडलेली असते. बाटली जाड फडक्यात गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घाला. नोज प्लायरने ती कड चिमटीत धरून थोडी थोडी बाहेर वळवत गोल फिरा. घाई झाली की माणूस पक्कड काचेवर टेकवून वर उचकटतो आणि तिथेच तोंडाचा कपचा उडतो. तोंडाला कपचा गेलेली बाटली सरळ टाकून द्या, कारण काचेचे बारीक तुकडे आत पडलेले असतात आणि ते धुऊन निघाले की नाही हे कळत नाही. आणि हे सगळं फक्त काचेच्या बाटलीचं. डिओच्या पत्र्याच्या डब्यात पेटणारा वायू दाबाखाली भरलेला असतो. त्याला छिद्र पाडायचं नाही, तो उघडायचाही नाही.

धुण्यासाठी औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. सॅनिटायझर चालत नाही, त्यात बहुतेकदा ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर राहतो. पेंटच्या दुकानातलं स्पिरिटही नको, त्यात मिथेनॉल असू शकतं. ५० मिलीच्या बाटलीत १० मिली अल्कोहोल घालून तोंड बुचाने बंद करा, खळखळून हलवा आणि रात्रभर आडवी ठेवा. सकाळी ते जुन्या चिंधीत ओतून चिंधी उघड्यावर वाळू द्या. मोरीत ओतलं तर वाफ जड असल्यामुळे खालीच साचून राहते. असं दोनदा करा, मग कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि चमचाभर कच्चे तांदूळ घालून हलवा. कोपऱ्यातला थर तांदूळ घासून काढतात. स्वच्छ पाण्याने खंगाळून शेवटी ५ मिली अल्कोहोल फिरवून ओतून द्या, म्हणजे पाण्याचा अंश राहत नाही. बाटली दिवसभर उलटी ठेवा. कोरडी झाल्यावर तोंड झाकून तासभर उन्हात ठेवा आणि उघडून हुंगा. वास आला तर अल्कोहोलची एक फेरी आणखी.

पुन्हा अत्तर भरण्याचं म्हणाल, तर पट्टीवाली बाटली एकदा उघडली की ती पट्टी हाताने परत घट्ट बसत नाही. त्यासाठी दाबयंत्र लागतं. ढिला पंप गळतो. आटे असलेल्या फिरकीच्या बाटलीतच भरा, त्याच्या पंपातून आधी अल्कोहोल १५-२० वेळा फवारून नळी धुवा, आणि भरलेल्या मालाचं नाव चिकटवा. घरचं गुलाबपाणी किंवा तुळशीचा काढा भरू नका, त्याला बुरशी येते.

तुमच्या बाटल्या डिफ्युझरसाठीच जास्त योग्य आहेत. तोंड अरुंद असल्याने मोठ्या तोंडाच्या बरणीपेक्षा तेल सावकाश उडतं. पण आत काय भरायचं हे तुमच्या उन्हाळ्यावर ठरतं. अनेक कृतींमध्ये तेल पातळ करायला अल्कोहोल घालायला सांगतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ १२ अंशांच्या आसपासच पेटण्याजोगी होते. टिनाखालच्या ४५ अंशांच्या खोलीत, देवाच्या दिव्याजवळ, ते उघड्या बाटलीत ठेवणं धोक्याचं आहे. खोबरेल तेलही नको. ते काडीतून नीट चढत नाही आणि तुमच्याकडच्या थंडीत रात्री चक्क गोठतं. डायप्रोपिलीन ग्लायकॉल, म्हणजे दुकानदार ज्याला डीपीजी म्हणतात, तेच वापरा. ते पेटायला शंभर अंशांच्या बरंच वर तापावं लागतं. अगरबत्तीच्या कच्च्या मालाच्या दुकानात मागा. जवळपास नसेल तर नागपूरला इतवारीसारख्या ठोक बाजारात चौकशी करा.

५० मिलीच्या बाटलीसाठी ३२ मिली डीपीजी आणि ८ मिली सुगंधी तेल घ्या. सुई काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजने मोजा. वरची जागा मोकळी सोडा, उन्हाने द्रव फुगतो. सगळं ओतण्याआधी छोट्या शिशीत १ मिली तेल आणि ४ मिली डीपीजी मिसळून एक दिवस ठेवा. मिश्रण स्वच्छ राहिलं तर ठीक. दुधाळ झालं किंवा दोन थर दिसले, तर तुमचं अत्तर बहुधा पॅराफिन तेलात बनवलेलं आहे आणि ते डीपीजीत मिसळणार नाही. स्वस्त अत्तरात हे नेहमी होतं. गवती चहाचं तेल लवकर उडतं, वाळ्याचं इतकं घट्ट असतं की एकटं वर चढतच नाही. ६ मिली गवती चहा आणि २ मिली वाळा हे प्रमाण मला चांगलं वाटतं.

काड्या वेताच्या घ्या, साधारण ३ मिमी जाडीच्या, बाटलीच्या दुप्पट उंचीच्या. बांबूच्या काड्या टाळा, त्यातलं पेर वाट अडवतं. काडीचं एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवून दुसरीकडून फुंका. बुडबुडे आले तर काडी आरपार पोकळ आहे. वेत मिळाला नाही तर कापसाची सैल पिळलेली जाड वात घाला. वास थोडा कमी येतो, पण काम होतं. तीन काड्यांनी सुरुवात करा. मे महिन्यात दोनही पुरतात, आणि तेव्हा त्या उलटवू नका. एरवी आठवड्यातून एकदा उलटवा, पण अंगणात, कारण ओघळलेलं तेल लाकडाचं पॉलिश खातं. बाटली कायम बशीत किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवा. कूलरच्या झोतासमोर ठेवलीत तर तेल झपाट्याने उडेल आणि उन्हाळ्यातली धूळ काड्यांची छिद्रं बुजवेल.

घरात लहान मूल असेल तर कापूर आणि निलगिरी तेल वापरूच नका, पोटात गेलं तर मुलाला झटके येऊ शकतात. बाकी तेलंसुद्धा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर हवीत. शेतावरच्या फवारणीच्या औषधाची बाटली कितीही सुबक असली तरी धुऊन वापरायची नाही.

पावसाळ्यात डीपीजी हवेतला ओलावा ओढतं आणि मिश्रण धूसर दिसू लागतं. तसं झालं तर उरलेलं टाकून द्या, बाटली पुन्हा अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा आणि नव्या काड्या घाला. जुन्या काड्या आतून घट्ट तेलाने तुंबलेल्या असतात, त्या धुऊन मोकळ्या होत नाहीत.