ए-४ पोस्टर स्टोरीसाठी उभं करताना मजकूर किती आत घ्यायचा?

प्रश्न: नाटकाच्या ए-४ पोस्टरवर तारीख बदलली. आता इन्स्टाग्राम स्टोरीसाठी १०८० × १९२० करतोय, पण खालची ओळ रिप्लायच्या पट्टीखाली जाते. मजकूर किती आत घेऊ?

उत्तर: वरून २५० आणि खालून २५० पिक्सेल मोकळे सोडा, सगळा मजकूर मधल्या १४२० पिक्सेलमध्ये बसवा. मेटा स्टोरीच्या जाहिरातींसाठी वर साधारण १४ टक्के जागा रिकामी ठेवायला सांगते, तो साधारण हाच आकडा; जाहिरात असेल तर खाली मात्र साधारण २० टक्के सोडा. वर प्रोफाइलचं नाव येतं, खाली रिप्लायचा चौकोन.

ए-४ रुंदीला १०८० केलं की उंची सुमारे १५२७ होते. मधोमध ठेवल्यावर वर-खाली १९६च उरतात. म्हणजे पोस्टरच्या तळाची ५४ पिक्सेलची पट्टी धोक्यात, आणि तिकिटाचा फोन नंबर नेमका तिथेच असतो. अख्खं पोस्टर लहान करू नका, अक्षरं बारीक होतात. पार्श्वभूमी लॉक करून १९२० पर्यंत वाढवा आणि फक्त मजकुराचे लेयर हलवा. तारीख आधी बदलून घ्या. ‘शनिवार’चा ‘गुरुवार, सायं. ७’ झाला की ओळ लांबते, कधी दोन ओळी होतात. गाइड लावताना शिरोरेषा धरू नका. वेलांटी, रफार तिच्या वर जातात, उकार खाली लोंबतो. सगळ्यात वरची मात्राही वरच्या २५०च्या रेषेखाली हवी.

हे गणित स्टोरीपुरतंच. रीलमध्ये खाली कॅप्शन आणि बटणं येतात, तिथे खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा सोडावा लागतो.