हॉटेलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दसूची आणि शैलीपत्रक

"आमची चार छोटी हॉटेले आहेत. वेबसाइट, ईमेल आणि खोलीतील सूचना तिघेजण इंग्रजीतून मराठीत आणतात आणि प्रत्येकाचे शब्द वेगळे पडतात. शब्दसूची आणि शैलीपत्रक कुठून सुरू करावे?"

ज्या मजकुरावरून पाहुण्याचे पैसे, खोली किंवा वेळ ठरते, त्यापासून सुरुवात करावी: आरक्षणाचे पान, दरांच्या अटी आणि आरक्षण निश्चित झाल्याचा ईमेल. त्यांतील ज्या संज्ञा चुकल्यास काउंटरवर वाद होईल, तेवढ्याच आधी घ्याव्यात. 'स्वागत', 'आरामदायी' असे शब्द सूचीत भरू नयेत, कारण फुगलेली सूची कोणी उघडत नाही.

प्रत्येक नोंद एका अर्थाची असावी. 'डिपॉझिट' हाच शब्द पाहा. इंग्रजी मजकुरात तो कधी बिलातून वळती होणाऱ्या रकमेसाठी येतो, तर कधी खोली सोडताना परत मिळणाऱ्या रकमेसाठी. एका अनुवादकाने दोन्हीकडे 'अनामत' लिहिले, की पहिल्या प्रकारचा पाहुणा निघताना पैसे परत मागणारच. म्हणून येथे दोन नोंदी कराव्यात: 'आगाऊ रक्कम' (बिलातून वजा होते) आणि 'अनामत रक्कम' (नुकसान नसल्यास परत मिळते). कार्डावर रक्कम केवळ रोखून ठेवली जाते, तो तिसरा अर्थ असल्याने त्याची नोंद वेगळी. प्रत्येक नोंदीत एका ओळीची व्याख्या, मान्य शब्द, वर्ज्य शब्द, नमुन्याचे वाक्य आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव असावे. माझ्या मते यांतला सर्वांत उपयोगी रकाना वर्ज्य शब्दांचा आहे, कारण जुन्या मजकुरात नेमके तेच शोधायचे असतात.

मराठीसाठी आणखी एक रकाना लागतो, तो लिंगाचा. 'रूम' स्त्रीलिंगी धरायची असे ठरले, की 'मोठी रूम', 'रूम तयार आहे का, ती कधी मिळेल' ही सारी वाक्ये जुळतात. तपासणी सॉफ्टवेअरने करणार असाल, तर शब्दाची रूपेही द्यावीत. केवळ 'खोली' नोंदवली, तर 'खोल्यांचे' हे बरोबर रूपसुद्धा सॉफ्टवेअर चूक म्हणून दाखवते, आणि खोटे इशारे वाढले की अनुवादक खरे इशारेही वाचेनासा होतो.

शैलीपत्रक दोन पानांचे पुरे. पाहुण्याला सर्वत्र 'आपण' म्हणायचे की 'तुम्ही', अंक देवनागरी की इंग्रजी, वेळ 'दुपारी १२' अशी की '१२:००' अशी, आणि खोल्यांच्या कोणत्या नावांचा अनुवाद न करता ती फक्त देवनागरीत लिहायची, एवढे त्यात नक्की असावे. सूचनांसाठी क्रियापदाचे रूपही ठरवावे, नाहीतर एकाच फलकावर 'टॉवेल येथे ठेवा' आणि 'दिवे बंद करावेत' असे दोन सूर लागतात.

सूची एकाच सामायिक स्प्रेडशीटमध्ये ठेवावी आणि बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला द्यावा. ती व्यक्ती शक्यतो फ्रंट ऑफिसमधली असावी, कारण पाहुणे कोणता शब्द चुकीचा समजतात हे तिथेच आधी कळते. शब्द बदलला, की जुना शब्द चारही हॉटेलांच्या मजकुरात शोधून बदलेपर्यंत ती नोंद 'अपूर्ण' म्हणूनच ठेवावी.