k ची दुसरी किंमत

"दहावीच्या बीजगणिताच्या सराव परीक्षेत एका प्रश्नाने माझी 25 मिनिटं खाल्ली आणि सोपे प्रश्न लिहायचे राहून गेले. नंतर कळलं की त्यात मुद्दाम गोम ठेवली होती. शिक्षक असे प्रश्न घालतात कशाला? तो सुटला नाही म्हणजे माझं गणित कच्चं आहे का?" – एक विद्यार्थिनी, ऐरोली

ठाण्यातल्या ज्या शाळेत मी समुपदेशनासाठी जाते, तिथे गणिताचे सर आणि बाई याच गोष्टीवरून वाद घालत एकदा माझ्या खोलीत आले होते. दोघांच्या परवानगीने ते बोलणं तुला सांगते.

प्रश्न 3 गुणांचा होता: kx² − 6x + 1 = 0 या समीकरणाला एकच वास्तव उकल असेल, तर k च्या सर्व किमती काढा.

वर्गातली बहुतेक मुलं विवेचक शून्य मानतात. 36 − 4k = 0, म्हणून k = 9. पण k शून्य घेतलं तर x² चं पद जातं, −6x + 1 = 0 उरतं आणि त्यालाही एकच उकल असते. म्हणजे किमती दोन, 9 आणि 0.

बाई म्हणाल्या, "सर, हा प्रश्न काढू या. मागच्या चाचणीत 40 जणांपैकी 31 जणांनी फक्त 9 लिहिलं. पायऱ्या बिनचूक, तरी 3 पैकी 1 गुण. त्यांना विवेचक येतो हो!"

"येतो, पण व्याख्या विसरतात," सर म्हणाले. "पुस्तकात a शून्य नसावा असं स्पष्ट लिहिलंय. मी मुद्दाम 'वर्गसमीकरण' न म्हणता 'समीकरण' म्हटलंय. मुलांनी वाचायला नको का?"

"धडाच वर्गसमीकरणांचा आहे, सर. नसलेला शब्द मुलांना कसा दिसणार? हे वाचनकौशल्य नाही, हा सापळा आहे."

सरांना हा शब्द लागला. त्यांचं या प्रश्नावर खरंच प्रेम होतं आणि मला ते प्रेम समजत होतं. a शून्य का नसावा, हे या प्रश्नातून जितकं लख्ख कळतं तितकं व्याख्या पाठ करून कळत नाही.

बाईंनी गठ्ठा सोडला. गुणांनुसार वरच्या 11 आणि खालच्या 11 उत्तरपत्रिका वेगळ्या काढल्या. प्रश्न पारखताना साधारण 27 टक्क्यांचे असे दोन गट घेतात. पूर्ण बरोबर उत्तर वरच्यांत दोघांचं, खालच्यांत एकाचं. फरक एकाचा, त्याला 11 ने भागलं तर 0.09. असा आकडा 0.2 च्या खाली असला, की त्या प्रश्नाने तयार आणि कच्ची मुलं फारशी वेगळी होत नाहीत असं मानतात.

"एका वर्गावरून निकाल लावू नका," सर म्हणाले. "आणि तिघांनाच उत्तर आलं तर फरक मोठा दिसेल कसा? तिघंही वरचे असते, तरी 0.27 च्या पुढे गेला नसता."

"तेच म्हणतेय मी. इतका अवघड प्रश्न पारख करूच शकत नाही. मग 3 गुण कशाचे मोजतो आपण?"

सर बराच वेळ उत्तरपत्रिका उलटत राहिले. खालच्या गटातल्या त्या एका मुलाने समासात लिहिलं होतं, "k शून्य घेतला तर चालेल का?" ते वाचून सर म्हणाले, "हा प्रश्न वर्गात विचारायचा होता. तिथे मुलांना हे सुचलं असतं."

शेवटी प्रश्न राहिला, पण दोन भागांत. आधी समान मुळांसाठी k काढायचा, 2 गुण. मग k = 0 घेतल्यास समीकरण कोणतं होतं आणि त्याला किती उकली, 1 गुण. सरांची कल्पना टिकली, मुलांचे कमावलेले गुणही टिकले. माझं मत बाईंच्या बाजूने होतं, पण सर अडून बसले नसते तर प्रश्न पूर्णच गेला असता.

आता तुझं. असा एक प्रश्न सुटला नाही यावरून तुझं गणित कच्चं आहे असं मी म्हणणार नाही. वरच्या 11 मधल्या 9 मुलांनाही तो पूर्ण जमला नव्हता. मला काळजी त्या 25 मिनिटांची वाटते. 40 गुणांना 2 तास म्हणजे गुणाला 3 मिनिटं. 3 गुणांच्या प्रश्नावर 9 मिनिटं झाली, की येतात तेवढ्या पायऱ्या लिही, खाली जागा सोड आणि पुढे जा. पायऱ्यांना गुण असतात. 25 मिनिटांत तुझे जवळपास 8 गुणांचे प्रश्न लिहून झाले असते.

न लिहिलेले प्रश्न घरी घड्याळ लावून सोडव आणि ती उत्तरं तुझ्या बाईंना दाखव. त्या अवघड प्रश्नाचे गुण कसे दिले, हेही त्यांना विचार.