फ्रिजपुढे उभे आबा

प्रश्न: आमच्या बाबांच्या साठीला सगळे नातेवाईक खानापूरला जमणार आहोत. बाबांना फ्रिजमध्ये कधीच काही सापडत नाही, त्यावर यमक जुळणारी विनोदी कविता म्हणायची आहे. दोन मिनिटांत संपेल अशी. मी कविता कधी लिहिलेली नाही. कशी लिहू?

मी बेळगावची. आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, पंचाहत्तरीला नेमकी हीच कविता मी लिहिली होती, त्यामुळे कुठं ठेचकाळले तेच सांगते. शेवटी ती कविताही देते, खुशाल घ्या आणि हवी तशी मोडा.

माझा पहिला खर्डा असा होता:

आबा फ्रिज उघडतात,
त्यांना काही दिसत नाही,
आई म्हणते नीट बघा,
तिथेच आहे सर्व काही.

यमक बरोबर आहे, पण वहिनीला वाचून दाखवलं तर ती नुसती “हं” म्हणाली. दोन गोष्टी बिघडल्या होत्या. एक म्हणजे ‘नाही’ ऐकल्याबरोबर पुढं ‘काही’ येणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं, मग हसायला उरतं काय? दुसरी म्हणजे सगळ्या कडव्यात एकही वस्तू नाही. फ्रिज आहे, पण फ्रिजमध्ये काय आहे? आमच्यात ठेचा असतो, दह्याचं भांडं असतं, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात आंबोळीचं पीठ असतं. हसू त्या डब्यात होतं आणि मी ‘सर्व काही’ लिहून मोकळी झाले होते.

म्हणून पहिलं काम कवितेचं नाहीच. कागद घ्या आणि आईला विचारा, बाबांना आजवर काय काय सापडलं नाही आणि ते प्रत्यक्षात कुठं होतं. आमच्या आईनं दहा मिनिटांत पान भरवलं, वर म्हणाली, “अजून सांगू की काय?” त्या पानातले चारच प्रसंग मी घेतले.

आता चाल. तुम्ही कधी लिहिलं नाही म्हणताय, तर अष्टाक्षरी धरा. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. जोडाक्षर एकच मोजायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. मी आधी सोळा मात्रांच्या चालीत प्रयत्न केला होता, पण तिथं ऱ्हस्व-दीर्घ मोजावं लागतं आणि आपले घरातले इंग्रजी शब्द दगा देतात. ‘फ्रिज’ लिहिलं तर दोन मात्रा, ‘फ्रीज’ लिहिलं तर तीन, आणि म्हणताना कोण काय म्हणेल सांगता येत नाही. अक्षरं मोजली तर दोन्हीकडं दोनच. शिवाय एक गंमत हाती लागली: ‘फ्रिजमध्ये’ चार अक्षरं, ‘सापडेना’ चार, ‘आइस्क्रीम’सुद्धा चार. आठ अक्षरांची ओळ चार-चारवर छान पडते, म्हणजे या विषयाचे शब्द जणू मापानंच शिवून आलेत.

वरचा खर्डा मोजून बघा. ‘आ-बा-फ्रि-ज-उ-घ-ड-ता-त’, नऊ. चारही ओळी नऊच्या निघाल्या! कागदावर ते कळत नाही. मांडीवर टाळी देत म्हणा, चार अक्षरांनंतर एक टाळी, आठनंतर दुसरी. नववं अक्षर टाळीबाहेर लोंबकळतं आणि जीभ तिथं अडखळते. शब्द मधेच तुटून टाळी पडली तर मात्र फार घाबरू नका. माझ्या खालच्या कवितेत ‘पदर खोचून येती’सारख्या काही ओळी तशा तुटतात, त्या किंचित सावकाश म्हटल्या की चालून जातात.

यमकाचं मोजमाप असं: शेवटचं अक्षर सारखं हवंच, पण त्याच्या आधीचा स्वरही सारखा हवा. ‘मिशी’ला ‘दिशी’ बसतं. ‘मिशी’ला ‘कशी’ लिहिलंत तर वाचताना चालेलसं वाटतं, पण मोठ्यानं म्हटलं की ढिलं पडतं. मी आधी ‘फजिती ती झाली कशी’ लिहिलं होतं. म्हणून बघितलं आणि खोडलं.

सगळ्यात जास्त त्रास कुंद्यानं, आमच्या दुधाच्या मिठाईनं, दिला. बेळगावच्या घरातली कविता आणि कुंदा नाही असं कसं चालेल? तर मी हट्टानं ‘कुंदा’ ओळीच्या टोकाला ठेवला. धंदा, बंदा, फंदा, सगळे ‘अं’वरचे, ‘कुं’ला जुळेना. चांगलं म्हणावं असं यमक एकच, मुकुंदा, आणि आमच्या घरात कुणी मुकुंदा नाही. (तुमच्याकडं असला तर नशीबवान आहात, त्याला सोडू नका.) दोन संध्याकाळी गेल्यावर सुचलं की ज्या शब्दाला यमक नाही त्याला टोकाला उभं करायचंच कशाला? कुंदा ओळीच्या सुरुवातीला आणला, टोकाला ‘आत’ आणि ‘हात’ ठेवले, आणि पाच मिनिटांत कडवं झालं. कवितेतलं तेच सगळ्यात चांगलं कडवं आहे असं माझं मत.

क्रम मात्र आधी ठरवा. ‘सापडत नाही, सापडत नाही’ हे तीन कडव्यांच्या वर ताणलं की लोक ताटाकडं बघायला लागतात. मग काहीतरी उलटायला हवं. आमच्याकडं उलटलं ते असं, की आबांना ठेचा सापडत नाही, पण आईनं त्यांच्यापासून लपवलेला कुंदा मात्र रात्री बिनचूक सापडतो. तुमच्या बाबांना काय सापडतं ते शोधा. काहीतरी असणारच, आणि ते शेवटच्या कडव्यासाठी राखून ठेवा.

तर ही आमची:

फ्रिजपुढे उभे आबा,
हात दोन्ही कमरेला,
हाक गेली परसात,
“अगं, ठेचा कुठं गेला?”

“मधल्याच कप्प्यामध्ये,
दह्यामागं, डाव्या हाता!”
“नाही इथं, नाही तिथं,
पाहिलं ना मीच आता!”

आइस्क्रीम समजून
चाटलं की एके दिशी,
आंबोळीच्या पिठानं ती
पांढरीच झाली मिशी.

सूनबाई धारवाडी
पदर खोचून येती,
ठेचा पुढं ठेवताना,
“बघा की हो, इल्ले ऐती!”

आजी म्हणे, “मला कसं
शोधलंत हो त्या काळी?”
“समोरून आलीस तू,
हाती पोह्यांची ती थाळी!”

कुंदा मात्र भाजीखाली,
चार पिशव्यांच्या आत,
लाइट नसतानाही
बरोबर पडे हात!

चौथ्या कडव्याबद्दल थोडं. माझी वहिनी धारवाडची, घरात मराठी बोलते, पण घाईत असली की कन्नड निघतं. ‘इल्ले ऐती’ म्हणजे ‘इथंच आहे’. आपल्या बाजूला ‘ऐती’ म्हणतात, बंगळूरकडं ‘इदे’. स्वर तंतोतंत जुळत नाही, तरी ‘येती’ आणि ‘ऐती’ शेजारी बसले तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात हसले होते. कार्यक्रमात या ओळीला तिच्या माहेरची माणसं सगळ्यांत आधी हसली, आणि जे तोवर अर्धंमुर्धं समजून बसले होते ते सरसावून ऐकायला लागले. तुमच्याकडं खानापूरला कन्नड बोलणारे व्याही असतील तर अशी एक ओळ त्यांच्यासाठी ठेवा. पण एकच. दोन-तीन केल्या की अर्थ समजावून सांगत बसावं लागतं आणि कवितेची शाळा होते.

पाचव्या कडव्यातली लबाडी कबूल करते. पोहे थाळीत नव्हते, बशीत होते, हे आईनं कार्यक्रमातच उठून सांगितलं. ‘काळी’ला बशी जुळेना म्हणून थाळी आणली. त्यावर कवितेपेक्षा जास्त हशा झाला, तेव्हा एखादी चूक आईसाठी शिल्लक ठेवायला हरकत नाही. त्या कडव्यात ‘आजी’ म्हटलंय, कारण कविता नातवंडांनी म्हटली.

एक कडवं मी शेवटच्या रात्री काढून टाकलं. त्यात आईशिवाय आबा उपाशी राहतील असं काहीसं होतं. ते विनोदी होतं, पण आबांची थट्टा सुटून आई घरगडी असल्यासारखं ऐकू येत होतं, आणि पंगतीत कुणीतरी “खरंच आहे ते” असं सुस्कारा टाकून म्हणालं असतं. साखरेचा आजारही मी नावानं घेतला नाही. कुंदा भाजीखाली का लपवलाय हे घरच्यांना ठाऊक होतं, तेवढं पुरे.

म्हणताना हशा आला की जरा थांबा, विशेषतः ‘चार पिशव्यांच्या आत’ नंतर. आमच्या भाच्यानं घाईत ‘लाइट नसतानाही’ लोकांच्या हसण्यात बुडवलं, आणि ‘हात’ कुणाला कळलाच नाही. त्याला तेच कडवं पुन्हा म्हणायला लावलं. हसू थांबेपर्यंत पुढची ओळ सुरू करायची नाही, हे मुलांना आधी बजावून ठेवा. चोवीस ओळी आहेत. हशा धरून दोन मिनिटांत आरामात बसते.

तुमच्यासाठी बदल सोपे आहेत. ‘आबा’च्या जागी ‘बाबा’ ठेवा, दोन्ही दोन-दोन अक्षरी. ‘आजी’च्या जागी ‘आई’ही तशीच बसते. सून धारवाडची नसून नणंद निपाणीची असेल तर ‘नणंद की निपाणीची’, आठ भरतात. फक्त ‘ठेचा’ बदलताना जपा, कारण पुढं ‘गेला’ आहे आणि यमक त्यावर उभं आहे. दोन अक्षरी आणि पुल्लिंगीच पदार्थ हवा: लाडू, मुळा, आंबा. लोणी टाकलंत तर ‘गेलं’ होईल, चटणी टाकलीत तर ‘गेली’ होईल आणि वर एक अक्षरही वाढेल, मग पहिल्या कडव्यातलं ‘कमरेला’ उपटून सगळं नव्यानं बांधावं लागेल.